घाडीकाकांचे चार लाख

मनवा पेडणेकर बँकेत लागली तेव्हा तिच्या वडिलांनी भोईवाड्यातल्या चाळीत पेढे वाटले नाहीत. ते फक्त म्हणाले, "लोकांचे पैसे सांभाळशील ना, मग डोळे उघडे ठेव." त्यांचं बोलणं उगाच नव्हतं. गिरणीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर हातात आलेले दीड लाख त्यांनी सागवानाच्या एका योजनेत घातले होते. सहा वर्षांत चौपट, असं छापील पत्रक होतं, झाडांचे रंगीत फोटो होते. सहा वर्षांनी झाडं नव्हती आणि कंपनीच्या दाराला कुलूप होतं. वडील त्यानंतर दहा वर्षं जगले, पण पैशाचा विषय निघाला की उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

मनवा आता चौतीस वर्षांची. लग्न केलेलं नाही, आई मालनबरोबर त्याच खोलीत राहते. परळ नाक्याजवळच्या शाखेत ठेवींच्या काउंटरवर बसते. एफडी लावणं, मोडणं, नॉमिनीचं नाव घालणं, व्याजातून कर कापू नये म्हणून म्हाताऱ्यांचे पंधरा-एच फॉर्म भरून देणं, हे तिचं रोजचं काम. चाळीत तिला मान होता. कुणाला बँकेचा मेसेज आला आणि कळला नाही की पोर फोन घेऊन तिच्या दारात उभं राहायचं. तिलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला, आपल्या बापाला असं कुणी सांगणारं मिळालं नाही, ते आपण दुसऱ्याला सांगतो, याचा तिला थोडा अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात शाखेत झाडलोट करणाऱ्या नव्या मुलीने तिला विचारलं, "मॅडम, महिन्याला दोन हजार उरतात. सगळे एसआयपी कर म्हणतात. आई म्हणते एफडी. काय करू?" मनवाने तिला जेवणाच्या सुट्टीत समजावलं. मग वाटलं, असं विचारणाऱ्या शंभर मुली असतील. त्या रविवारी तिने सोशल मीडियावर मराठीत एक धागा लिहिला. एकाखाली एक अशा अकरा पोस्टी. चार तास लागले. प्रत्येक वाक्य तिने दोनदा वाचून पाहिलं.

पहिलंच वाक्य होतं: "व्याज किती मिळेल हे नंतर विचारा. हे पैसे कधी लागणार आहेत, ते आधी विचारा."

मग एफडीबद्दल. दर आधीच ठरलेला असतो, मुदतीला किती मिळणार ते आजच कळतं. मधेच मोडली तर दंड बसतो, व्याज कमी होतं. बँक अडचणीत आली तर मुद्दल आणि व्याज धरून एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतपेढीच्या ठेवीला तो विमा नाही, दर जास्त दिसला तरी हे विसरू नका. व्याजावर कर आहे, आणि महागाई जोरात असली की वाढलेल्या रकमेत सामान तेवढंच येतं, कधी कमीसुद्धा.

मग एसआयपीबद्दल. एसआयपी ही काही वेगळी योजना नाही, दर महिन्याला ठरावीक रकमेचे फंडाचे युनिट घ्यायची ती एक पद्धत आहे. शेअरच्या फंडाचा भाव रोज वरखाली होतो. दर महिन्याला घेतल्याने एकाच चढ्या भावात सगळे पैसे अडकत नाहीत, एवढाच फायदा. तोटा होतच नाही असं नाही. मागच्या दहा वर्षांत काय झालं ते पुढच्या दहा वर्षांत होईलच, असं कुणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय.

आठवी पोस्ट अशी होती: "बाजार पडला की घाबरून एसआयपी बंद करू नका, घाबरून काढू नका. पडत्या भावात त्याच पैशांत जास्त युनिट मिळतात."

आणि नववी: "पण हे फक्त सात-दहा वर्षं हात लावायची गरज नसलेल्या पैशांबद्दल. आजारपण, फी, घराचं डिपॉझिट, दोन-तीन वर्षांत लागणारी कुठलीही रक्कम शेअरच्या फंडात ठेवू नका. ती बँकेत असू दे. कमी वाढली तरी चालेल, वेळेला पूर्ण हातात आली पाहिजे."

शेवटी तिने लिहिलं की मी कुणाची सल्लागार नाही, स्वतः दोन्हीकडे थोडं थोडं ठेवते, आणि तुमचं तुम्ही ठरवा.

धागा बराच फिरला. अनोळखी लोकांनी आभार मानले. चाळीच्या ग्रुपवर तो टाकला शंतनूने. शंतनू म्हणजे शेजारच्या घाडीकाकूंच्या बहिणीचा मुलगा, एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात हिशेबाला होता, तीन वर्षं त्यांच्याकडे राहून शिकलेला. त्याने सगळा धागा टाकला नाही. अकरा पोस्टी कोण वाचणार? त्याला आवडलेल्या दोन पोस्टींचे फोटो काढून टाकले आणि वर लिहिलं, "आपल्या मनवाताईने लिहिलंय. बँकवाली सांगते म्हणजे विचार करा." त्या दोनांतली एक आठवी होती. नववी नव्हती.

मनवाने ग्रुपवर ते पाहिलं. अंगठे आले होते, फुलं आली होती. अख्खा धागा टाक, असं शंतनूला सांगायला हवं, असं तिच्या मनात आलंही. पण तेवढ्यात कुकरची शिटी झाली.

गंगाधर घाडी मनवाच्या भिंतीपलीकडे राहायचे. मूळ मालवणकडचे. गिरगावात एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत तीस वर्षं लिफ्टमन. वय एकसष्ट. साठीला पीएफचे पैसे मिळाले, त्यातून गावच्या घराचं छप्पर केलं, बायकोच्या, म्हणजे नलूकाकूंच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि चार लाख उरले. ते त्यांनी मनवाच्याच काउंटरवर एका वर्षासाठी एफडीत ठेवले होते; व्याज दर तीन महिन्यांनी घरखर्चाला यायचं. मूलबाळ नव्हतं. "आमका कोण बघणार? दुखण्याखुपण्याचे हेच," असं ते पावती घडी घालताना म्हणाले होते. मालकाने त्यांना अर्ध्या पगारावर कामावर ठेवलं होतं, ते रोज खाकी शर्ट घालून जायचे. पेन्शन महिन्याला दोन हजार आणि काही.

एफडीची मुदत भाद्रपदात संपली. मनवा त्या आठवड्यात गणपतीला गावी होती. दुसऱ्या कारकुनाने पैसे त्यांच्या बचत खात्यात वळते केले. काकांनी ते परत एफडीत लावले नाहीत. शंतनूने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं, केवायसी करून दिली, आणि एका स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरच्या, फंडात दर महिन्याच्या सात तारखेला चाळीस हजारांची एसआयपी सुरू केली. दहा महिन्यांत चार लाख. काकांच्या डोक्यात बसलं होतं की एकदम घातले तर धोका, महिन्या-महिन्याला घातले तर सुरक्षित. शंतनूलाही तसंच वाटत होतं. त्याला फसवायचं नव्हतं. त्याने ज्या फंडात स्वतःचे दोन हजार घातले होते, त्यातच मावशीच्या नवऱ्याचे चाळीस हजार घातले.

त्याच महिन्याच्या शेवटापासून बाजार उतरायला लागला. थोडा उतरला, थोडा सावरला, आणि संक्रांतीनंतर नुसता घसरतच गेला. छोट्या कंपन्यांचे फंड सगळ्यांत जास्त आपटले. काका लिफ्टमध्ये स्टुलावर बसून रोज ॲप उघडायचे. आकडा लाल असायचा. संध्याकाळी शंतनूला फोन करायचे. शंतनू म्हणायचा, "काका, हीच तर वेळ आहे. जास्त युनिट मिळतायत. मनवाताईने काय लिहिलंय ते बघा ना परत." काका तो फोटो परत बघायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तिसरा मजला चढताना ते दर वळणावर उभे राहायला लागले. नलूकाकू त्यांना म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. अँजिओग्राफी झाली. तीन नसा तुंबलेल्या होत्या, बायपास करावी लागणार होती. सरकारी योजनेत पैसे पडणार नव्हते, पण रांग होती. तारीख मिळाली सोळा एप्रिल. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नेमाने घ्या, जिने चढू नका, दुखलं की ही गोळी जिभेखाली ठेवा आणि लगेच या. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात चौकशी केली तर ते आठवड्याभरात करायला तयार होते. तिथे ही योजना नव्हती. पॅकेज साडेतीन लाख. चाळीत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मार्चची बारा तारीख होती. वर्षअखेरीची गर्दी, लॉकरचं भाडं भरणारे, कर वाचवायच्या एफडीला शेवटच्या क्षणी धावणारे. मनवाच्या काउंटरपुढे वीस माणसं होती. आतून मॅनेजर दोनदा ओरडून गेले होते. त्यात घाडीकाका रांग सोडून बाजूने आले आणि काचेला हात टेकून उभे राहिले.

"मनवा, एकच विचारायचा होता."

"बोला ना काका. लवकर बोला हां, बघताय ना गर्दी."

"ते फंडाचे पैसे. सत्तेचाळीस हजार खाली गेलेत गो. काढू का?"

मनवाला तेव्हा पहिल्यांदा कळलं की काकांची एसआयपी आहे. तिच्या मनात आलं, शंतनूने हजार-दोन हजारांची लावून दिली असेल. सत्तेचाळीस हजार हा आकडा तिच्या कानात शिरला, पण त्या दिवशी सकाळपासून तिच्या कानात शेकडो आकडे शिरले होते. हात एका बाईची पावती छापत होते. ती न बघताच म्हणाली, "काका, सगळ्यांचेच खाली गेलेत. घाबरून काढू नका. लांबचे पैसे असतील तर थांबा."

"थांबू म्हणतेस?"

"हो. थांबा. घरी बोलू आपण."

काका मान हलवून गेले. दारातल्या गार्डने त्यांना दोन मिनिटं बसायला खुर्ची दिली होती, हे मनवाला नंतर कळलं. घरी बोलणं झालं नाही. एकतीस मार्चपर्यंत ती रोज नऊला घरी यायची, जेवून आडवी व्हायची.

तीन एप्रिलला पहाटे साडेपाचला काका पाणी भरायला उठले. नलूकाकू ओरडत होत्या की मी भरते, तुम्ही झोपा. ते म्हणाले एक हंडा भरतो. नळापाशी बसले ते तिथेच कलंडले. मनवा आणि तिची आई आवाजाने धावल्या. शंभर पावलांवर एवढी मोठी हॉस्पिटलं, पण खुर्चीत बसवून जिन्याने उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं. भोईवाड्याच्या स्मशानात दुपारी अग्नी दिला. शंतनूने दिला.

चार दिवसांनी, सोमवारी, नलूकाकू मनवाच्या दारात आल्या. हातात काकांचा फोन होता. "बघ गो, ह्यांच्या फोनवर काय इलाहा."

बँकेचा मेसेज होता. खात्यातून चाळीस हजार वजा. सातवी तारीख. माणूस गेला तरी एसआयपी चालू होती; बँकेला अजून कुणी कळवलंच नव्हतं. त्या सोमवारी बाजार एकाच दिवसात धाडकन कोसळला होता, टीव्हीवर सकाळपासून तेच चालू होतं. त्या भावात मेलेल्या माणसाच्या नावावर चाळीस हजारांचे युनिट घेतले गेले.

मनवाने ॲप उघडलं. फोनचा पासवर्ड काकूंना माहीत होता. तिने आठ हप्ते मोजले. मग बचत खात्यातली शिल्लक पाहिली, ऐंशी हजार.

"काकू, हे चार लाख... एफडीचेच का?"

"तेच. दुसरे खंयचे असतले?"

"दुखण्याचे?"

काकू आपल्या खोलीत गेल्या आणि हॉस्पिटलची फाईल घेऊन आल्या. "ह्याचा काय करू ता पण सांग. सोळा तारीख दिलेली. तिथे जाऊन सांगूक होया, नाहीतर दुसऱ्याची तारीख अडान रवात."

मनवाने फाईल चाळली. ट्रस्टच्या हॉस्पिटलाचा खर्चाचा कागद त्यात होता. तारीख अकरा मार्च. काका तिच्याकडे आले त्याच्या आदल्या दिवसाचा.

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि तिने काय केलं असेल तर बेरीज केली. बारा मार्चला खात्यात एक लाख वीस हजार होते. फंडातले दोन लाख ऐंशी हजार त्या दिवशी दोन लाख तेहतीस हजार झाले होते. वर्षाच्या आत काढले म्हणून एक टक्का कापला असता, दोन हजार तीनशे. दोन-तीन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात आले असते. सगळे मिळून साडेतीन लाखांच्या वर जात होते. पुरत होते. तोटा होऊनसुद्धा पुरत होते. तिने ती बेरीज चार वेळा केली.

आणि मग तिला स्वतःच्या धाग्यातलं पहिलं वाक्य आठवलं. हजारो अनोळखी लोकांना तिने विचारायला सांगितलं होतं की हे पैसे कधी लागणार आहेत. भिंतीपलीकडचा माणूस काचेला हात टेकून उभा होता, त्याला तेवढं एक विचारायला तिला वेळ मिळाला नव्हता.

शंतनू तेराव्याच्या आदल्या दिवशी आला तेव्हा गॅलरीच्या टोकाला तिने त्याला गाठलं.

"तुला माहीत होतं ते आजारपणाचे पैसे होते?"

"ताई, त्यांच्याकडे दुसरे कुठले पैसे होते?" शंतनूचे डोळे सुजलेले होते. "मला वाटलं वाढतील. एफडीत काय मिळतं? साडेसहा, सात?"

"मी लिहिलं होतं ना नवव्या पोस्टमध्ये. आजारपणाचे ठेवू नका म्हणून."

"मी आठवीपर्यंतच वाचलं."

मनवाचा हात उठणार होता. पण त्याच्या पुढच्याच वाक्याने तो तिथेच थांबला.

"त्या दिवशी तुमच्याकडून आल्यावर काकांनी मला फोन केला होता. बरं वाटत होतं त्यांना. म्हणाले, मनवा म्हणाली थांब. आता सोळा तारखेला फुकटातच करून घेऊ, तोपर्यंत पैसे पण वर येतील."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

पुढचे तीन महिने मनवाने काकूंची सगळी कामं केली. मृत्यूचा दाखला आणून बँकेत दिला, खात्यावरचे हप्ते थांबवले. बचत खात्याला काकू नॉमिनी होत्या, ते पैसे आले. फंडालाही नॉमिनी त्याच होत्या; एवढं एक शंतनूने नीट केलं होतं. पण काकूंचं पॅन कार्ड नव्हतं. ते काढलं. मग त्यांची केवायसी, मग युनिट त्यांच्या नावावर करायचा अर्ज, रद्द केलेला चेक, बँकेच्या मॅनेजरने साक्षांकित केलेली सही. काकू सही करताना इतक्या थरथरायच्या की दोनदा फॉर्म परत आला. दादरच्या सेवा केंद्रात मनवा त्यांना रजा टाकून तीनदा घेऊन गेली. केंद्रातल्या एसीत काकू पदर घट्ट लपेटून बसायच्या आणि टोकन नंबराकडे बघत राहायच्या. बारा मार्चला काका काउंटरवर येऊन काय विचारून गेले, ते त्यांना सांगायची मनवाची हिंमत होत नव्हती.

बाजार एप्रिलच्या मध्यापासून वर यायला लागला होता. जून संपता संपता युनिट काकूंच्या नावावर झाले, तेव्हा तीन लाख वीस हजारांचे तीन लाख बेचाळीस हजार झाले होते. सगळ्यांत जास्त वाढले होते ते सात एप्रिलला घेतलेले. बाजार सावरला हे खरं होतं. तो आणखी दोन वर्षं सावरला नसता तरी तेही खरंच असतं. घाडीकाकांच्या छातीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

काकूंनी सगळं काढायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले, तेव्हा त्या दुपारी शाखेत आल्या. गर्दी नव्हती. मनवाने काउंटर बंदची पाटी लावली आणि त्यांना आत टेबलाशी बसवलं.

"काकू, महिन्याला किती लागतात तुम्हाला?"

"सहा हजार. औषध नसला तर पाच."

"मोठा खर्च येणार आहे का कुठला? डोळा, गुडघा?"

"दुसऱ्या डोळ्याचा सांगितलाहा. पुढच्या वर्षी."

मनवाने एक-एक विचारलं. गावी जाणार का, शंतनू काही देतो का, कुणाला द्यायचे आहेत का. विचारताना तिला जाणवत होतं की ती फार विचारतेय. मग ती म्हणाली, "ऐंशी हजार खात्यातच राहू दे, हाताशी. बाकीचे एफडीत, दर महिन्याला व्याज खात्यात येईल अशा. पण एकच मोठी नको. तीन करू. एक मोडावी लागली तर दुसऱ्या दोघींना धक्का लागणार नाही. व्याज महिन्याला अठराशेच्या आसपास होईल, काकू. पुरणार नाही. आणि महागाईने पुढे आणखी कमी पडेल, ते मी लपवत नाही. पण मुद्दल राहील."

"फंडात काय नको?"

"थोडं ठेवता आलं असतं. पण तुमच्याकडे हात न लावायचे असे पैसे नाहीयेत."

काकूंनी मान डोलावली. मनवाने फॉर्म ओढला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"काकू, एक सांगायचंय. काका मार्चमध्ये इथे आले होते. माझ्याकडे. पैसे काढू का म्हणून विचारायला. मी त्यांना..."

"माका म्हायत आसा."

मनवाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"त्याच रात्री सांगितल्यानी. मनवा थांब म्हणाली म्हणान. मी म्हटलंय, तिका सांगितलास काय कशाक होये ते? तर म्हणतत, गर्दी होती, पोरगी दमलेली."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून... मेसेज दाखवायला आलात तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"मग बोलला का नाहीत काकू? तीन महिने मी तुमच्याबरोबर फिरतेय."

काकूंनी पदराने चष्मा पुसला. त्यांचा आवाज चढला नाही. "बोलान काय करू? तुझ्याशी भांडलय असतंय तर ह्ये फॉर्म कोणी भरले असते?" मग त्या म्हणाल्या, "तू वायट नाय गो. पण माझो घोव गेलो. दोन्ही खऱ्या."

मनवाला रडू येत होतं. पण समोर ही बाई रडत नव्हती, तेव्हा आपण रडायचं म्हणजे तिच्याकडून समजूत काढून घ्यायची, हे तिला कळत होतं. तिने खाली मान घालून फॉर्म भरला. नाव, रक्कम, मुदत. नॉमिनीच्या रकान्याशी तिचा हात थांबला.

"शंतनूचा नाव घाल," काकू म्हणाल्या. "तो पण वायट नाय. आणि दुसरा आसा कोण?"

तिन्ही पावत्या घेऊन त्या उठल्या. मनवा त्यांना दारापर्यंत सोडायला निघाली तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मनवाने तो धागा काढून टाकला नाही. आठ दिवस ती त्याच्याकडे बघत होती. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अजूनही अधूनमधून कुणीतरी त्याखाली लिहितं, ताई फार सोपं करून सांगितलंत. ती उत्तर देत नाही. काउंटरवर मात्र आता तिची रांग सगळ्यांत हळू सरकते. एफडी लावायला आलेल्याला ती विचारते, मोडायला आलेल्यालाही विचारते, आणि मॅनेजरने त्यावरून तिला दोन मेमो दिले आहेत. काही लोक उत्तर देतात, काही म्हणतात, मॅडम तुम्हाला काय करायचंय. म्हणतात ते तरी काय चूक.

नलूकाकू हल्ली एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जातात. सकाळी सहाला निघतात, तीनला येतात. जिन्यात भेटल्या तर मनवाला विचारतात, पाणी आलं का, गॅसची गाडी येऊन गेली का. मनवा सांगते. पूर्वी काकूंनी सणाला खापरोळ्या, गुळाच्या रसातल्या त्या जाळीदार पोळ्या, केल्या की डबा भिंतीपलीकडून यायचा. या वर्षी मालनने दोनदा विचारलं, काकूंनी खापरोळ्या केल्या नाहीत का गं. मनवा म्हणाली, केल्या असतील, मला काय माहीत.

केल्या होत्या. भिंतीपलीकडून मायलेकींच्या खोलीत गुळाचा वास येत होता.